मदत हवी आहे: वहीच्या फोटोंवरून पाच मिनिटांचं सेमिनार भाषण

रानवारा: वडिलांनी हिवरे बाजारला जाऊन आल्यावर वहीत टिपणं लिहिली होती. वही गावी आहे, माझ्याकडे फक्त फोटो. कृषी महाविद्यालयातल्या सेमिनारला त्यावर बोलायचंय. टिपणांत चर, नालाबांध, ग्रामसभा, पोपटराव पवार, उसाला बंदी, सगळं एकत्र आहे. तीन मुद्दे कोणते निवडू? आणि पावसाचा आकडा 400 आहे की 800, तेच कळत नाही.

शेवंता: माझ्या मुलीच्या वक्तृत्व स्पर्धेला सुरुवातीला कविता घेतली होती, छान झालं. तूही घे.

विहीरवाला: शेवंताताई, स्पर्धेत ठीक, सेमिनारला पाचातलं अर्धं मिनिट त्यात जाईल. रानवारा, मराठी ४ घाईत लिहिला की 8 सारखा दिसतो. त्या ओळीच्या आसपास अक्षरी आकडा आहे का?

रानवारा: हो, खाली ‘हेक्टरी चाळीस लाख लिटर’ लिहिलंय.

विहीरवाला: मग सुटलं. एक मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर. 400 ने गुणलं की 40 लाख. 800 असता तर ऐंशी लाख आले असते. शिवाय नगरकडचा तो भाग पर्जन्यछायेतला.

काळीमाती: म्हणजे हेक्टरी 40 लाख लिटर पाणी गाव साठवतं, हाच पहिला मुद्दा कर. जबरदस्त वाटेल.

विहीरवाला: आकडा घ्या, पण ‘साठवतं’ नको. तेवढं पडतं. त्यातलं बरंच वाफ होऊन जातं, काही वाहून जातं. सेमिनारला कुणी हेच विचारलं तर अडकशील.
मी असं लावेन. सुरुवात: ‘या गावात पेरणीआधी पाण्याचा हिशोब मांडतात.’ पहिला मुद्दा, किती पडतं. दुसरा, डोंगरावरचे सलग समतल चर आणि खालचे नालाबांध ते कसं मुरवतात. तिसरा, पाण्याचा ताळेबंद: पावसाळा संपला की विहिरींची पातळी बघून आधी पिण्याचं, जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर रब्बी ठरवायची. ऊस आणि शेतीसाठीच्या बोअरवेलवरची बंदी याच मुद्द्यात बसते, वेगळी काढू नकोस. जास्त वेळ तिसऱ्याला दे, बाकी गावांनी चर खोदले पण उपसा मोकळा ठेवला की पाणी टिकत नाही. शेवट: पाऊस कमी झाला त्या वर्षी कोणतं पीक सोडलं, त्याचं वहीतलं एक उदाहरण.
मिनिटाला शंभरेक शब्द धर, म्हणजे पाचशेच्या आत. मोठ्याने वाचून घड्याळ लाव.

रानवारा: उदाहरणाची ओळ फोटोत खालच्या कडेला कापली गेलीय. ‘गहू ऐवजी’ एवढंच दिसतं.

विहीरवाला: अंदाजाने भरू नकोस. वडिलांना ते पान खिडकीपाशी ठेवून, फ्लॅश बंद करून, सरळ वरून काढायला सांग. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, अक्षरं फुटत नाहीत.

काळीमाती: पोपटरावांचं नाव सुरुवातीलाच यायला हवं असं मला वाटतं.

रानवारा: तिसऱ्या मुद्द्यात घेऊन बघते. पान आलं की मसुदा इथे टाकते.