रात्रपाळी आणि चोवीस तासांचा बाजार

> 'चिपळूणला घरूनच कॉल सेंटरची रात्रपाळी करणारा माझा भाऊ दोन कॉलच्या मध्ये क्रिप्टो घेतो-विकतो. भाव फारसा हलत नाही, तरी पैसे कमी का होतात?'

ताई, शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, तेव्हा हात आपोआप थांबतो. इथे ती घंटाच नाही. त्यात त्याची पाळी म्हणजे अमेरिकेचा दिवस, उलाढाल तेव्हाच जोरात.

हिशेब बघा. वीस हजारांचे एका रात्रीत सहा सौदे, भाव जागच्या जागी. एक्स्चेंजचं शुल्क दोन्ही बाजूंना ०.२ टक्के धरलं, तर ४८० रुपये गेले. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे सुमारे १,२०० अडकले. ते विवरणपत्र भरल्यावरच वळते होतात. खरा घाव पुढे आहे: काही सौद्यांत ३,००० नफा, बाकीच्यांत ३,००० तोटा झाला, तरी तोटा वजा होत नाही. नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर, मिळून ९३६ रुपये.

त्याला पाळीच्या लॉगिनआधीच खरेदी, विक्री आणि तोटा वाढण्याआधी विकून टाकणाऱ्या स्टॉपचे भाव ऑर्डरमध्ये टाकायला सांगा, मग ॲप बंद. फक्त स्टॉप-लिमिटमध्ये विक्रीची ऑर्डर जागी करणारा भाव आणि कमीत कमी चालेल तो भाव, या दोन भावांत थोडं अंतर ठेवावं; नाहीतर भाव झपकन कोसळला तर ऑर्डर तशीच पडून राहते.