मदत हवी आहे: रोजचे ५०० रुपये, तीन अ‍ॅड सेट आणि प्रत्येकावर Learning limited. बोली हाताने लावू का?

कोलशेतकर
वहिनींचा ठाण्यात घरी येऊन सोफा-गाद्या धुऊन देण्याचा व्यवसाय आहे. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती मी बघतो. लीड फॉर्म आहे, रोजचं बजेट ५०० रुपये. घोडबंदर पट्टा, वर्तकनगर-नौपाडा आणि कळवा-खारेगाव असे तीन अ‍ॅड सेट आहेत. बोली आपोआप, म्हणजे Highest volume.

लीड सरासरी १२० रुपयांना पडते. चार लीडमागे एक काम मिळतं, म्हणजे एका कामामागे जाहिरातीचे ४८०. माणूस, केमिकल, रिक्षा वजा जाऊन एका कामात ९०० च्या आसपास उरतात, त्यातून हे जातात. एका ओळखीच्यांनी सुचवलं की Cost per result goal ८० रुपये लाव, लीड आपोआप स्वस्त होईल. तिन्ही अ‍ॅड सेटवर Learning limited दिसतंय, तर हे करावं का?

राबोडीचा_राजू
Learning limited आलं म्हणजे मेटाने जाहिरात दाखवणं कमी केलं. बजेट दुप्पट करा नाहीतर सेट बंद करून नवा काढा. आणि बजेट एका वेळी २० टक्क्यांच्या आत वाढवा, तो मेटाचा नियम आहे.

पनवेलची_अनुजा
मी टार्गेट सीपीए लावला होता, पहिले काही दिवस काहीच आलं नाही, मग सुरळीत झालं. थोडा धीर धरा. माझं गुगल सर्चवर होतं, पनवेलमध्ये टिफिनचं.

जुनी_वाशी
अनुजाताई, गुगल सर्चवर माणूस स्वतः शोधत आलेला असतो. इथे मेटाला अंदाज बांधायचा असतो की हा फॉर्म भरेल का, त्यामुळे तो अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

कोलशेतकर, आधी तुमचं गणित. लर्निंगमधून बाहेर यायला एका अ‍ॅड सेटला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. तुमचे आठवड्याचे ३५०० भागिले १२०, म्हणजे जेमतेम २९ लीड. त्या तीन सेटमध्ये वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला नऊ-दहा. बोली कुठलीही लावा, हा आकडा ५० होणार नाही.

राजूभाऊ, Learning limited ही शिक्षा नाही. सध्याच्या मांडणीत पुरेसे रिझल्ट येणार नाहीत, एवढंच तो शेरा सांगतो. जाहिरात चालू राहते, फक्त भाव वर-खाली होत राहतो. सेट बंद करून नवा काढला तर शिकणं शून्यापासून सुरू होईल. २० टक्के हा लोकांनी धरलेला अंदाज आहे. मेटा एवढंच सांगते की बदल किती मोठा त्यावर ठरतं.

आता ८० रुपयांचं. लिलावात तुमची बोली आणि समोरचा माणूस फॉर्म भरण्याची शक्यता यांचा गुणाकार होतो, त्यात जाहिरातीचा दर्जा मिळवला जातो. तुमच्याकडे डेटा तुटपुंजा, म्हणून शक्यतेचा अंदाजही कच्चा. त्यात बाजारभाव १२० चालू असताना ८० चं उद्दिष्ट दिलं की मेटा बहुतेक लिलावांत मागे राहते. लीड स्वस्त होण्याऐवजी खर्चच होत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास रुपये खर्च आणि लीड शून्य असं दिसलं, तर हेच झालंय समजा.

माझ्या मते तिन्ही सेट एकत्र करा, Highest volume ठेवा. भाग कोणता हा प्रश्न फॉर्ममध्ये विचारा.

कोलशेतकर
म्हणजे एकत्र केलं तरी २९ च. मग फायदा काय?

जुनी_वाशी
५० तरीही होणार नाहीत, शेरा राहू शकतो. पण एका सेटला नऊऐवजी २९ उदाहरणं मिळतात, अंदाज तेवढा पक्का होतो. मग आठवडाभर टार्गेटिंग, फोटो, बोली यांना हात लावू नका. नवी जाहिरात टाकली तरी शिकणं पुन्हा सुरू होतं. तुमचा खरा निकष कामामागे किती पडतात हा आहे. ४८० परवडत असतील तर शेऱ्याकडे दुर्लक्ष करा.

राबोडीचा_राजू
मग लीडऐवजी व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर चालवा ना. आमच्याकडे ४० रुपयांत मेसेज येतो, आठवड्यात ५० सहज होतील.

जुनी_वाशी
हे गणित बरोबर आहे, ३५०० मध्ये ८७ मेसेज होतील. पण मेटा मग मेसेज करणारे लोक शोधेल, सोफा धुऊन घेणारे नाही. ‘रेट काय’ विचारून गायब होणारे किती, ते आधी कळायला हवं. दहा मेसेजमागे एकच काम झालं, तर कामामागे ४०० आणि फोनवर दुप्पट वेळ.

कोलशेतकर
फोन वहिनीच घेतात, त्यामुळे तो वेळ मोजावाच लागेल. आधी सेट एकत्र करतो. सोमवारी माणसं सुट्टीवर असतात, त्या दिवशी कॅम्पेन बंद ठेवली तर चालेल का?

जुनी_वाशी
एका दिवसाच्या बंदने शिकणं पुन्हा सुरू होत नाही, सात दिवस किंवा जास्त बंद ठेवली तर होतं. तरी मी बंद करणार नाही. सोमवारच्या लीडला मंगळवारी सकाळी फोन केला तर किती जण उचलतात, ते आधी बघा.

पनवेलची_अनुजा
कळव्याच्या लीड कमी दराच्या असतात का हो? एकत्र केल्यावर सगळा पैसा तिकडेच गेला तर?

कोलशेतकर
कळव्याची लीड ९० ला पडते, घोडबंदरची १५० ला. पण घोडबंदरला तीन सीटचा सोफा आणि गाद्या एकत्र निघतात, बिल मोठं होतं. हे मेटाला कसं सांगायचं?

जुनी_वाशी
रास्त शंका आहे. मेटाला फक्त लीड दिसते, बिल नाही, म्हणून पैसा कळव्याकडे झुकू शकतो. घोडबंदर वेगळं ठेवून बाकीचे दोन एकत्र करणं हा मधला मार्ग. पण मग पुन्हा डेटा फुटणार. तुमच्या जागी मी आधी भागवार कामाचा खर्च वहीत काढला असता. आकडे इथे टाकाल का?