अर्जातले ‘तथापि’, ‘तसेच’, ‘त्यामुळे’: ठेवायचे की काढून टाकायचे?

धुऱ्यावरून_दारव्हा
गावातले अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच येतं. खालचा मजकूर शेजारच्या काकांसाठी लिहिला, तहसीलमध्ये द्यायचा आहे. माझा दोस्त म्हणतो हे जोडशब्द सगळे उडव, मी म्हणतो त्याच्यानंच अर्जाले वजन येते. तुमचं काय म्हणणं?

“मी माझ्या शेतात सोयाबीन पेरले आहे. तथापि 16 ऑगस्टला आमच्या मंडळात 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला. तसेच नाल्याचे पाणी शेतात शिरले. त्यामुळे धुऱ्यापलीकडच्या शेताचा पंचनामा झाला. परंतु माझा झाला नाही. म्हणून माझे नुकसान 33 टक्क्यांपेक्षा जास्त आहे. तरी पंचनामा करण्यात यावा ही नम्र विनंती.”

काळी_कसदार
दोस्त बरोबर बोलून रायला. तलाठी काय निबंध तपासते का राजेहो? गट नंबर पाहते, तारीख पाहते, किती टक्के गेलं ते पाहते, झालं. छोटी छोटी वाक्यं लिहा, एकाखाली एक, सगळं समजते. हे तथापि बिथापि वकिलाले शोभते.

निवृत्त_मास्तर_आर्णी
काळी_कसदार, छोटी वाक्यं हे अगदी मान्य. पण वरचा अर्ज जोडशब्द जास्त झाले म्हणून नाही फसला, ते चुकीच्या जागी बसलेत म्हणून फसला. शेवटून पाहा. “परंतु माझा झाला नाही. म्हणून माझे नुकसान 33 टक्क्यांपेक्षा जास्त आहे.” म्हणजे काय झालं, पंचनामा झाला नाही त्या कारणानं नुकसान झालं! 33 टक्के हा तर सगळ्या अर्जाचा कणा आहे, तेवढं नुकसान असल्याशिवाय मदतच बसत नाही, आणि नेमकं तेच वाक्य उलट्या कारणाला टांगलं. नुकसान पाण्यानं झालं ना, मग ते पाण्याच्या वाक्यामागे यायला पाहिजे.

आता “तसेच”. पाऊस झाला तसेच नाल्याचं पाणी शिरलं असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन वेगळ्या घटना वाटतात, जशा दोन वस्तू एका पिशवीत टाकल्या. इथं तर पावसानंच नाला फुगला. तिथं “त्यामुळे” पाहिजे. आणि जिथं “त्यामुळे” लिहिलंय तिथं काकांच्या शेतात पाणी शिरल्यानं पलीकडच्याचा पंचनामा झाला असा अर्थ निघतो, ते तर कोणालाच म्हणायचं नाही. “तथापि” सरळ काढा. सोयाबीन पेरलं आणि पाऊस पडला, यात एकानं दुसऱ्याला खोडलं कुठं? आधीच्या वाक्यानं जी अपेक्षा तयार होते तिच्या उलट काही घडलं तरच तो शब्द लागतो. शेवटचा “तरी” सोडला तर अख्ख्या अर्जात एकच जागेवर बसलाय, “परंतु”.

संत्रा_वरुड
माझा मृग बहार गळला, पंचनाम्याले कोणी आलंच नाही. अर्ज कोणाच्या नावानं द्यायचा ते सांगा ना कोणी.

निवृत्त_मास्तर_आर्णी
तहसीलदाराच्या नावानं द्या भाऊ, पोच घ्या. पाहणीला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून येतात, म्हणून एक प्रत कृषी सहायकालाही द्या.

काळी_कसदार
मास्तर तुमचं पटलं अर्धं. पण मंग मी म्हणतो तेच झालं ना, सगळे काढले तर चूक होणारच नाही. “पाऊस झाला. पाणी शिरलं. मुळं सडली.” कोणाले समजणार नाही सांगा?

निवृत्त_मास्तर_आर्णी
या तीन वाक्यांत सगळ्यांना समजेल, कारण घटना ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं लिहिल्यात, तिथं खरंच जोडशब्द नको. अडचण येते जिथं वाक्य वळण घेतं तिथं. हे पाहा: “अर्ज उशिरा दिला. नुकसान खरं आहे.” यातलं वजन कोणत्या वाक्याला, ते साहेब ठरवेल. “अर्ज उशिरा दिला, पण नुकसान खरं आहे” म्हटलं की उशीर मागे पडला, नुकसान पुढं आलं. आणि “नुकसान खरं आहे, पण अर्ज उशिरा दिला” म्हटलं की तुम्हीच तुमचा अर्ज नाकारून घेतला. “पण”च्या पुढं जे येतं तेच वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं, म्हणून आपली बाजू नेहमी “पण”नंतर ठेवायची.

सूनबाई_पुसद
मी मुलांच्या शिकवण्या घेते, माझं मत थोडं वेगळं आहे, मास्तरांनी सगळीकडे “त्यामुळे” सांगितलं पण “म्हणून” आणि “त्यामुळे” मध्ये फरक आहे असं मला वाटतं, आपोआप घडलं तिथं त्यामुळे आणि माणसानं ठरवून केलं तिथं म्हणून, जसं पाणी साचलं त्यामुळे मुळं सडली आणि मुळं सडली म्हणून दुबार पेरणी केली. आणि “शिवाय”चा विषय कोणीच काढला नाही, आधीचा मुद्दा पक्का करायला त्याच बाजूचा दुसरा मुद्दा आणायचा असेल तर “तसेच”पेक्षा “शिवाय” चांगलं जोर देतं. “पाणी तीन दिवस साचून होतं, शिवाय नाल्याचा गाळ शेतात पसरला.” इथं दोन्ही गोष्टी नुकसानाकडेच बोट दाखवतात, म्हणून चालतं. “शिवाय पंचनामा झाला नाही” चालणार नाही, ती तक्रार आहे, नुकसान नाही.

निवृत्त_मास्तर_आर्णी
“शिवाय”चं एकदम बरोबर. “म्हणून”चा नियम मात्र इतका कडक नका करू ताई, “पाऊस आला म्हणून रस्ता बंद पडला” असं आपण रोज बोलतो, त्यात कोणी काही ठरवलेलं नसतं.

सूनबाई_पुसद
बोलण्यात चालतं हो, मी लिहिण्याचं म्हणते. मी तर मुलांना असंच सांगणार.

धुऱ्यावरून_दारव्हा
असं करून पाहिलं, तीन दिवस पाणी साचून होतं हे काकांना विचारून घेतलं:

“मी माझ्या शेतात सोयाबीन पेरले आहे. 16 ऑगस्टला आमच्या मंडळात 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला. त्यामुळे नाल्याचे पाणी शेतात शिरले आणि तीन दिवस साचून राहिले. झाडे पिवळी पडून मुळे सडली, शिवाय उताराच्या भागात गाळ बसला. नुकसान 33 टक्क्यांपेक्षा जास्त आहे. धुऱ्यापलीकडच्या शेताचा पंचनामा झाला, परंतु माझ्या शेताचा झाला नाही. तरी पंचनामा करण्यात यावा ही नम्र विनंती.”

काळी_कसदार
हे भारी झालं. तरी पाहा, सहातले तीनच शब्द उरले 😄 मी म्हणतच होतो.

वऱ्हाडी_वकील
शेवटचा “तरी” काढा. “पाऊस पडला तरी नाला कोरडा” यात तरीचा अर्थ असूनही असा होतो, अर्जात तोच शब्द “म्हणून” सारखा वापरता. मी एका अर्जात सलग वाचलं, “दोनदा अर्ज दिला तरी पंचनामा झाला नाही. तरी पंचनामा करण्यात यावा.” दोन तरी, दोन वेगळे अर्थ, वाचणारा अडखळणारच. सरळ “म्हणून” लिहा.

निवृत्त_मास्तर_आर्णी
वकीलसाहेब, तुमच्या उदाहरणात पहिला “तरी” बदला, “दोनदा अर्ज दिला, पण पंचनामा झाला नाही” असं करा. शेवटचा राहू द्या. त्या जागी “तरी” दिसला की कारकुनाला कळतं आता मागणी आली, नजर थेट तिथंच जाते. अर्जाची रीतच आहे ती.

वऱ्हाडी_वकील
रीत आहे म्हणून बरोबर होत नाही मास्तर.

सूनबाई_पुसद
मी वकिलांच्या बाजूनं. मुलं निबंधातही शेवटी “तरी” टाकतात आणि मग काय म्हणायचं तेच कळत नाही.

धुऱ्यावरून_दारव्हा
काका म्हणतात तरी पाहिजेच, नाहीतर अर्ज अर्जासारखा दिसत नाही. उद्या तसाच देतो. वकीलसाहेब, पुढच्या अर्जात म्हणून लिहून पाहतो, कारकून काय म्हणते ते सांगतो.