उत्तर: पुस्तिकेतील ओळींचे अंतर

> «ए-५ पुस्तिका, अक्षर १२ पॉइंट. १.५ ओळ-अंतर ठेवलं, पण फॉन्ट बदलला की पानं कमी-जास्त होतात. किती ठेवू?»

१.५ हा गुणाकार फॉन्टच्या स्वतःच्या उंचीवर होतो. मंगलची ती उंची मोठी असते, त्यामुळे ओळी फारच विरळ होतात. म्हणून वर्डमध्ये `Line spacing` ला `Exactly` निवडा आणि आकडा पॉइंटमध्ये द्या. १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पासून सुरुवात करा.

गोदाघाटावरच्या आमच्या पुस्तिकेत आधी १५ ठेवले होते. नाशकातल्या छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं, तेव्हा «श्रद्धाळू»चा ऊकार खालच्या ओळीतल्या «मूर्तींच्या»मधल्या रफार-अनुस्वाराला टेकला होता. हे दोन शब्द एकाखाली एक टाइप करून कागदावर छापून पाहा. मधे पांढरी फट स्पष्ट दिसली पाहिजे. स्क्रीनवर मात्रा कापलेली दिसली तरी आधी छापूनच खात्री करा. आम्ही शेवटी १८.५ वर थांबलो.

परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ सोडू नका, सलग मजकूर तुटक वाटतो. पहिली ओळ पाच-सहा मिलिमीटर आत घ्या आणि `Before`, `After` दोन्ही शून्य ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे: पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर येतात. पातळ कागदातून मागची छपाई दिसते, ती मग ओळींमधल्या पांढऱ्या जागेत डोकावत नाही. उपशीर्षकाला मात्र वर-खाली मिळून पूर्ण ओळींच्या पटीतच जागा द्या, नाहीतर तिथून पुढे ही जुळणी बिघडते.