पँटोप्राझोल सात वर्षं: वेळ चुकतेय की गोळीच नको?

साखळीहून_मी
बाबा ६७ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यासोबत पँटोप्राझोल ४० आली. दुखण्याच्या गोळ्या महिन्यात संपल्या, ही राहिली. पहाटे साडेपाचला अनशापोटी घेतात, तरी रात्री छातीत जळजळते. आता कुणी सांगितलं की हिनं किडनी जाते. उद्यापासून बंद करू का? मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू आहे.

कुळागर
बंदच करा, ताई. सात वर्षं आम्ल मारत राहिलात तर अन्न पचणार कशानं? किडनीचं मीही वाचलंय. जेवणावर आमसुलाचं तिवळ द्या. माझ्या आजीनं जन्मभर तेच घेतलं.

रायबंदर_धक्का
लगेच आराम हवा असेल तर पातळ गुलाबी औषध दोन चमचे घ्यावं. पाच मिनिटांत शांत होतं, गोळीला दोन-तीन दिवस लागतात.

पेडणेकर_काका
जळजळ रात्री होते ना? मग गोळीही रात्री झोपताना घ्यायची. सकाळची गोळी रात्रीपर्यंत कशी पुरणार?

जुना_मास्तर
ताई, आधी एक सांगा. साडेपाचला गोळी घेतल्यावर बाबांच्या पोटात पहिला घास कधी जातो?

साखळीहून_मी
सहाला कोरा चहा घेऊन बागायतीत जातात. साडेदहाला येऊन पेज जेवतात. मधे काही नाही.

जुना_मास्तर
मग गोळी वाया जातेय. मी तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं, आणि "अनशापोटी घ्या" एवढंच ऐकून घरी गेलेली असंख्य माणसं पाहिली. सूचनेचा दुसरा भाग राहून जातो: गोळीनंतर अर्ध्या ते एका तासात नीट खायचं.

कारण असं. ही गोळी पोटातल्या आम्लावर काम करत नाही. तिच्यावर आवरण असतं, ती पुढं आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत येते. त्या पेशींत आम्ल ओतणारे पंप असतात. जो पंप त्या क्षणी चालू आहे त्यालाच ती चिकटते आणि कायमचा बंद पाडते. झोपलेल्या पंपाला तिचा स्पर्शही होत नाही. पंप जागे होतात जेवणानं, आणि रात्रभराच्या उपासानंतरच्या पहिल्या जेवणाला सर्वांत जास्त. औषध रक्तात टिकतं मात्र थोडाच वेळ, दर एक-दोन तासांनी निम्मं होतं. म्हणजे साडेदहाला पेजेनं पंप जागे होतात तेव्हा साडेपाचची गोळी जवळजवळ संपलेली असते.

पेडणेकर काका, सकाळची गोळी रात्री पुरते ती रक्तात राहते म्हणून नाही. बंद पडलेल्या पंपांच्या जागी नवे तयार व्हायला दिवसाहून जास्त लागतो, म्हणून. तुमचं अर्धं बरोबर आहे. त्रास रात्रीचाच असेल तर ती रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास घेता येते. झोपताना मात्र नको, त्यानंतर जेवण नसतं. आणि पाण्यासोबत अख्खी गिळायची, कुस्करायची नाही.

पेडणेकर_काका
मी चार वर्षं झोपतानाच घेतो आणि मला बरं वाटतं.

जुना_मास्तर
वाटत असेल, थोडा परिणाम होतोच. दोन आठवडे जेवणाआधी घेऊन बघा, मग बोलू.

कुळागर
वेळेचं पटलं. पण वेळ सुधारून ती आणखी सात वर्षं घ्यायची का? ज्या दुखण्यासाठी दिली ते कधीच संपलं. आणि किडनीचं काय?

डिचोली_बसस्टँड
कुळागर, सरसकट "बंद करा" सांगू नका, कळकळीनं सांगते. माझ्या दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला खोल जखमा निघाल्या होत्या. बरं वाटलं म्हणून मी स्वतःच गोळी सोडली. चौथ्या महिन्यात उंड्याचा तुकडा छातीत अडकला, पाण्यानंही उतरेना. पुन्हा दुर्बीण, पुन्हा जखमा. माझ्यासारख्यांना ती लागतेच.

जुना_मास्तर
दोघांचंही खरं आहे. डिचोलीताईंना ती हवी. रक्तस्राव होऊन गेलेला असताना रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यालाही हवी. बाबांचं कारण मात्र महिन्यात संपलं होतं.

किडनीचं सांगतो. काही जणांना या गोळीनं किडनीला सूज येते, ते क्वचित होतं पण खरं आहे. म्हणून क्रिएटिनिन बघून घ्यावं. हाडं, विस्मरण, जुनाट किडनीविकार यांची भीती मुख्यतः जुन्या नोंदी चाळून आली. त्या नोंदींत गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी असतात. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. साडेसतरा हजार हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल, निम्म्यांना खोटी गोळी, साधारण तीन वर्षं. आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त निघाले, शंभरात १.४ विरुद्ध १. किडनी, हाडं, विस्मरण यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

कुळागर
तीन वर्षं म्हणजे सात नव्हेत, मास्तर.

जुना_मास्तर
मान्य. सात वर्षांचं उत्तर त्या चाचणीत नाही. म्हणून गरज नसेल तर घेऊ नये, हे तुमचं मत मलाही मान्य आहे. आक्षेप आहे तो फक्त "उद्यापासून" या शब्दावर.

मांडवीपार
मेटफॉर्मिनचं कुणीच बोललं नाही! माझ्याही या दोन्ही गोळ्या पाच वर्षं एकत्र होत्या. तळपायाला मुंग्या यायच्या. घाटावर चालताना चप्पल निसटली तरी कळायचं नाही, दोन पावलं पुढं जाऊन मागं बघायचो. सगळे म्हणत, मधुमेहाच्या नसा. शेवटी बी-१२ तपासलं तर १४० निघालं. सुयांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, उजव्या अंगठ्याचा बधिरपणा राहिलाच.

जुना_मास्तर
हे महत्त्वाचं बोललात. अन्नातलं बी-१२ सोडवायला आम्ल लागतं, आणि मेटफॉर्मिन ते आतड्यात शोषू देत नाही. दोन्ही बाजूंनी गळती. ताई, बी-१२ बघाच. पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियमही.

साखळीहून_मी
गोळे येतात, रात्री. आणखी एक. जत्रेला गेलो तेव्हा दोन दिवस गोळी राहिली तर जळजळ दुप्पट झाली. म्हणूनच वाटतं, आजार आतच आहे.

जुना_मास्तर
कदाचित आहे, कदाचित नाही. आम्ल दाबून ठेवलं की शरीर ते वाढवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक जास्त सोडतं. दाब काढला की आम्ल उसळतं. डेन्मार्कमध्ये ज्यांना पोटाचा काहीही त्रास नव्हता अशांना आठ आठवडे अशीच गोळी देऊन थांबवली, तर पुढच्या चार आठवड्यांत १०० पैकी ४४ जणांना त्रास झाला. खोट्या गोळीवाल्यांत १५. ही उसळी काही आठवड्यांत बसते, पण माणूस तिसऱ्या दिवशीच घाबरून पुन्हा सुरू करतो.

म्हणून आधी फक्त वेळ बदला. शांत झालं तर डॉक्टरांना विचारून ४० ची २० करा, तीन-चार आठवड्यांनी दिवसाआड. मधल्या जळजळीला रायबंदरच्या भाऊंचं पातळ औषध खरंच उपयोगी पडेल. तिवळ जपून, आंबटानं कित्येकांचं वाढतं. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच यातलं काही असेल तर हे सगळं सोडून आधी दुर्बीण.

साखळीहून_मी
आज तीन आठवडे झाले. बाबा पहाटे खायला तयार नाहीत, म्हणून गोळी कागदाच्या पुडीत बांधून देते. पावणेदहाला पाटाजवळ बसून घेतात, मग घरी येऊन पेज. रात्रीची जळजळ आठवड्यातून एकदा उरली. बी-१२ १६८ निघालं, सुया सुरू. क्रिएटिनिन ठीक. काल विचारल्यावर म्हणाले, सुका भात कधीकधी घशाखाली सावकाश उतरतो. इतके दिवस बोलले नव्हते. शुक्रवारी बांबोळीला दुर्बीण आहे, तोवर ४० च चालू.

डिचोली_बसस्टँड
बरं केलंत.

कुळागर
दुर्बीण साफ निघाली तर मात्र गोळी बंद करायची, ताई. माझं मत तेच आहे.