नातवाने सहा मिनीगेम जिंकले आणि तरीही आज्जी जिंकली: हा न्याय म्हणायचा का?

मंगळवारपेठकर: दिवाळीत आमच्या घरी चौघे मिळून ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’ हा फासे टाकून पटावर चालायचा व्हिडिओ गेम खेळलो. ज्याचे तारे जास्त, तो जिंकतो. खेळ दहा फेऱ्यांचा होता. प्रत्येक फेरीअखेर एक छोटा खेळ, म्हणजे मिनीगेम असतो; तेरा वर्षांच्या माझ्या मुलाने अशा दहापैकी सहा मिनीगेम जिंकले आणि माझ्या आईने दोनच. शेवटी आईकडे दोन तारे होते, तर मुलाकडे एक तारा आणि 63 नाणी. तो रुसून रंकाळ्यावर निघून गेला. कौशल्याला काही किंमतच नसेल तर हे मिनीगेम ठेवलेत कशाला?

खेळगडी_राजारामपुरी: तुमचा मुलगा बरोबर आहे. शेवटी जे बोनस तारे वाटले जातात, त्यांतला एखादा निव्वळ विशिष्ट घरांवर जास्त वेळा थांबल्याबद्दलही मिळतो. ही खैरात बंद करा, म्हणजे प्रश्न मिटेल.

मंगळवारपेठकर: बोनस तारे आम्ही सुरुवातीलाच बंद केले होते.

पटावरचा_जुना: मग या खेळात कौशल्य नेमके कुठे मोजले जाते आणि कुठे संपते, ते पाहायला हवे. मिनीगेम जिंकला की दहा नाणी मिळतात आणि तारा वीस नाण्यांना पडतो. म्हणजे सहा विजयांत मुलाने तीन ताऱ्यांचे पैसे कमावले होते. मात्र तारा दुकानात जाऊन हवा तेव्हा घेता येत नाही, पटावर चालत तिथपर्यंत पोहोचावे लागते, आणि कुणी तो घेतला की बहुतेक पटांवर तो दुसरीकडे जातो. फासा एक ते दहाचा असल्यामुळे सरासरी साडेपाच घरे चालणे होते, म्हणजे दहा फेऱ्यांत सारी मिळून पंचावन्न घरे. तारा वीस घरे लांब असेल तर तिथे जायला सुमारे चार फेऱ्या लागतात. तेवढ्या वेळात तुमचा मुलगा दोन ताऱ्यांची कमाई करतो, आणि एक-दोन मिनीगेम जिंकून निळ्या घरांवर तीन-तीन नाणी वेचणारी आज्जीसुद्धा एका ताऱ्यापुरते जमवते. अडचण पाकिटाची नाही, पायांची आहे. एका मर्यादेपलीकडची कमाई पडून राहते, आणि ही मर्यादा मुद्दाम ठेवली आहे, कारण ती नसती तर आज्जी तिसऱ्या फेरीतच उठून स्वयंपाकघरात गेली असती.

सोंगट्यावाला: एवढी आकडेमोड कशाला? फासा सगळ्यांना सारखाच पडतो, त्यामुळे खेळ आपोआप सर्वांना समान होतो. लुडोत हेच तर असते.

पटावरचा_जुना: अर्धे खरे आहे. फासा समान असतो, पण बटणे समान नसतात. भराभर बटण दाबायच्या मिनीगेममध्ये तेरा वर्षांचे बोट आणि सत्तरीचे बोट यांची तुलनाच होत नाही. 1998 च्या पहिल्या ‘मारिओ पार्टी’त कंट्रोलरवरची छोटी काठी गरागरा फिरवायचे खेळ होते आणि ते तळव्याने फिरवून मुलांच्या हाताला फोड आले. पुढे अमेरिकेत निन्टेंडो कंपनीला हातमोजे द्यावे लागले होते. खेळ समान होतो तो निरनिराळ्या प्रकारच्या मिनीगेममुळे: काही नुसत्या अंदाजाचे, काही एकाविरुद्ध तिघांचे, काही दोघांविरुद्ध दोघांचे. जोड्या त्या फेरीत थांबलेल्या घरांच्या रंगावरून ठरतात, त्यामुळे आज्जी कधी कधी नातवाच्याच बाजूला येते.

शाहूपुरीची_सून: आमच्या सासऱ्यांचा उजवा हात थरथरतो. त्यांना हरण्याचे दुःख नसते. सूचना वाचून व्हायच्या आत मुले ‘तयार’ म्हणतात, याचे असते. सूचनांच्या पडद्यावर सराव करता येतो, तो दोनदा करू देण्याचा नियम आम्ही घरात केला. त्यांचे विजय वाढले असे नाही, पण आता ते चहा बाजूला ठेवून खेळायला बसतात.

खेळगडी_राजारामपुरी: हे सगळे मान्य केले, तरी 63 नाणी हातात असणारा हरतो, हे मला पटत नाही. आमच्या तालमीत जास्त डाव टाकणारा जिंकतो.

पटावरचा_जुना: तालमीत उरलेला दम घरी नेऊन उपयोग नसतो, तसेच इथे उरलेल्या नाण्यांचे आहे. मुलगा नशिबाने नव्हे, साठवून हरला. पहिला तारा घेतल्यावर ज्या क्षणी हातात वीसपेक्षा जास्त नाणी झाली, त्या क्षणापासून त्याने दुकानातून दोन फासे टाकू देणारी वस्तू घ्यायला हवी होती, किंवा थेट ताऱ्याजवळ नेणारा सोनेरी पाइप. जास्तीची नाणी पायांत बदलण्याचा मार्ग तोच. शिवाय पटावर बू नावाचे भूत असेल तर पन्नास नाण्यांत ते दुसऱ्याचा तारा चोरून आणते. त्रेसष्ट नाणी असणाऱ्याने त्याच्या वाटेने जायला हवे होते.

शाहूपुरीची_सून: म्हणजे त्याने आज्जीचा तारा चोरायचा? दिवाळीत?

पटावरचा_जुना: नियमात बसते. घरात बसते का, ते तुम्ही ठरवा. आम्ही बूकडून तारा चोरणे बंद ठेवतो, फक्त नाणी चोरू देतो; पण त्यामुळे जास्त कमावणाऱ्याचा एक मार्ग बंद होतो, हे मलाही खटकते.

मंगळवारपेठकर: मुलाला वाचून दाखवले. तो म्हणतो, वस्तूंचे दुकान त्याने पाहिले होते, पण नाणी खर्च केली तर आपण मागे पडू असे त्याला वाटले. आईचे म्हणणे वेगळेच आहे: तिने दोन्ही ताऱ्यांच्या वेळी दोन फासे टाकू देणारी वस्तू विकत घेतली होती. हे आम्हा तिघांच्याही लक्षात आले नव्हते.