दागिन्याच्या नावाचे किस्से सांगा

चिपळूणकरीण: काल कपाट आवरताना मखमली पाऊचचा गठ्ठा निघाला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'हलकंफुलकं'. बघून हसू की रडू कळेना. पेढी बाबांची. चार वर्षांपूर्वी भावाने आणि मी ठरवलं की बँकेत, शाळेत, पंचायत समितीत जाणाऱ्या बायकांसाठी रोज घालता येईल असं काहीतरी काढू. ठुशी नको, तोडे नकोत. ओढणीत न अडकणारी चेन, कीबोर्डवर न खटखटणारी अंगठी, सगळं दोन ते पाच ग्रॅममध्ये. नाव मीच सुचवलं, पाचशे पाऊच छापूनही घेतले. पहिल्याच आठवड्यात एक शिक्षिका अंगठी बोटात घालून म्हणाल्या, "छान आहे हो, पण हलकं म्हणजे किती कॅरेटचं?" माल 18 कॅरेटचा, त्यामुळे चटकन उत्तरही देता येईना. हलकं सोनं म्हणजे कसाला कमी, हे सोनाराच्या लेकीला सुचू नये! बाबा एवढंच म्हणाले, "विचारायचंस तरी." आता भाऊ नवं नाव शोधतोय. तुमचे अनुभव लिहा.

फुंकणी: ताई, 18 ला लाजू नका. मी रत्नागिरीत हेच काम करतो. दोन ग्रॅमची अंगठी 22 मध्ये केली की स्कूटीचं हँडल धरून धरून महिन्याभरात चपटी होऊन परत येते. 750 मध्ये ताठ राहते. गिऱ्हाइकाला हे सांगा, ऐकतात. 'नाजूक'ही नको, लोक आधी वाकवून बघतात. आणि नाव आखूड ठेवा. आतल्या बाजूला हॉलमार्कची खूण, कॅरेटचा शिक्का आणि एचयूआयडीची सहा आकडे-अक्षरं आली की बोटभर पट्टीत उरतं काय? एका पेढीने लांबलचक नाव कोरून घेतलं होतं. अंगठी मोठी करायला कापली तेव्हा बरोबर मधलं अक्षर गेलं.

जास्वंद_३: माझ्या काळ्या मण्यांची सर वर्षात दोनदा तुटली. लोकलमध्ये. काय करू?

फुंकणी: दोऱ्यात असेल तर तारेत गाठवून घ्या. हे वेगळं विचारा ओ, इथे नावाचं चाललंय 😄

वेंगुर्लेकरीण: माझी वहिनी घरच्या घरी कानातली करून विकता. तिना नाव ठेवलान 'ओवळी'. आमच्याकडे बकुळीच्या फुलाक ओवळा म्हणतत, टॉप्सचो आकार पण तसोच बारको. किती गोड! पुण्याच्या प्रदर्शनात एक आजी म्हणाली, "सोवळं-ओवळं कसलं गं दागिन्याला?" दिवसभर तीच कथा सांगत बसली ती. मी असतंय तर 'सुरंगी' ठेवलंय असतंय.

पाटणकर_मुलुंड: सुरंगी! आईच्या केसातला वळेसर आठवला. यंदा आली का बाजारात?

वेंगुर्लेकरीण: इली, पण कमी. झाडावर चढूक माणूस गावत नाय.

खाडीपलीकडे: चिपळूणकरीण, घाबरू नका. दुकानाचं नाव शॉप ॲक्टमध्ये नोंदवलेलं असलं की ते आपलंच. दुसरा कोणी वापरूच शकत नाही.

काळा_कोट: तसं नाही हो. ती आस्थापनेची नोंद, नावाची मालकी नव्हे. ट्रेडमार्क वेगळा. दागिने वर्ग 14 मध्ये येतात. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4500 आहे. माझ्या एका अशिलाने 'रोजचं सोनं' भरलं. आक्षेप आलाच, कारण ते नाव नाही, मालाचं वर्णन आहे. 'हलकंफुलकं'लाही तोच धोका होता, पाऊच आधी छापले हे वाईट. फुलाचं नाव त्यामानाने सोपं जातं, कारण सोन्याचं ते वर्णन नसतं. पण अर्जाआधी वर्ग 14 मध्ये उच्चार जुळणारी नावं शोधा. नुसतं स्पेलिंग बदलून सुटका होत नाही.

खाडीपलीकडे: बरं. पण आमच्या गावात तरी कोणी विचारत नाही.

काळा_कोट: गावात नाही विचारत. इन्स्टावर विकायला लागलात की विचारतात.

पाटणकर_मुलुंड: 'सुरंगी' ऐकून आमच्या ऑफिसातली हिंदीवाली मैत्रीण म्हणेल, "सुरंग? टनेल?" तनिष्कने नोकरी करणाऱ्यांसाठी 'मिया' काढलं, दोन अक्षरी, कुठल्याही भाषेत अडत नाही. तसं काही बघा.

चिपळूणकरीण: भाऊ 'सुरंगी'वरच अडलाय. काल मी आत्याला फोनवर नाव सांगितलं आणि ऐकलं तसं लिहून पाठव म्हटलं. तिने 'सारंगी' लिहिलं. मग 'अबोली' सांगितलं, ते बरोबर लिहिलं. पण रोज बोलायचं काम असणाऱ्या बाईच्या कानात 'अबोली'? भाऊ म्हणतो, काहीही अर्थ काढतेस. दोन्ही नावं शोधून बघतोय.

वेंगुर्लेकरीण: अबोली नको गो! आणि त्या पाऊचांचा काय केलंस?

चिपळूणकरीण: चारशे उरलेत. आई त्यात जायफळं भरून पाहुण्यांना देते.